पट्टीवरचे आकडे आणि फाईलमधलं पान

पेसमेकर तपासून झाला की प्रोग्रामरमधून कागदाची पट्टी बाहेर येते. प्रोग्रामर म्हणजे जाडजूड लॅपटॉपसारखं दिसणारं यंत्र. त्याचं हेड पेशंटच्या छातीवर, पेसमेकरच्या उंचवट्यावर ठेवलं की आतल्या यंत्राशी त्याचं बोलणं सुरू होतं. पट्टी कधी हातभर असते, कधी चांगली तीन-चार हात. कागद एटीएमच्या पावतीसारखा गुळगुळीत, उष्णतेनं उमटणारा. गेली अठरा वर्षं हृदयरोग विभागात तंत्रज्ञ म्हणून मी या पट्ट्या वाचतो आणि त्यांच्यावरून पेशंटच्या फाईलमध्ये एक पान लिहितो. हा लेख त्या पानाबद्दल आहे.

पेशंटला आणि घरच्यांना पट्टी म्हणजेच रिपोर्ट वाटते. ती खराब होऊ नये म्हणून काहीजण मोठ्या काळजीनं तिचं लॅमिनेशन करून आणतात. लॅमिनेशनच्या गरम रोलरमधून गेलेला हा कागद काळाठिक्कर पडतो आणि त्यावरचं एक अक्षरही वाचता येत नाही. लॅमिनेशन न करता प्लास्टिकच्या पाकिटात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली पट्टी उलट फिकट होत जाते, आणि दोन-चार वर्षांत तिच्यावर करड्या रेघा तेवढ्या उरतात. म्हणून पट्टी हातात आली की तिची साधी झेरॉक्स काढायची, आणि त्याच दिवशी, पेशंट समोर असतानाच, पान लिहायचं. संध्याकाळी लिहू म्हणून बाजूला ठेवलेल्या पट्ट्यांची अदलाबदल होते, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून लिहिण्याआधी पट्टीवर छापलेला यंत्राचा सिरियल नंबर पेशंटच्या कार्डावरच्या नंबराशी ताडून घेतो. नाव प्रोग्रामरमध्ये कोणीतरी टाइप केलेलं असतं, त्यामुळे ते चुकू शकतं. सिरियल नंबर आतलं यंत्र स्वतः सांगतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. एका कंपनीचा प्रोग्रामर दुसऱ्या कंपनीचा पेसमेकर वाचू शकत नाही. पुष्कळ ठिकाणी हा प्रोग्रामर हॉस्पिटलचा नसतोच. ओपीडीच्या दिवशी कंपनीचा माणूस तो घेऊन येतो, तपासणी करतो, पट्टी देतो आणि पुढच्या गावाला जातो. प्रत्येक कंपनीच्या पट्टीची मांडणी वेगळी आणि एकाच गोष्टीला दिलेली नावंही वेगळी. त्यामुळे साताऱ्यात बसवलेला पेसमेकर पुण्यात मुलाकडे गेल्यावर तपासला, तर दोन पट्ट्या शेजारी ठेवूनही घरच्यांना काही बोध होत नाही. फाईलमधलं पान साध्या शब्दांत आणि ठरलेल्या क्रमानं लिहिलं असेल, तर तिथला डॉक्टर दोन मिनिटांत पुढचं काम सुरू करू शकतो.

पट्टीवर वीस-तीस आकडे असतात, पण त्यांच्या जाती तीनच. काही आकडे त्या दिवशी मोजलेले असतात. काही आपण यंत्राला ठरवून दिलेले असतात. आणि काही यंत्रानं हिशेब करून काढलेले अंदाज असतात. प्रत्येक आकड्याची जात ओळखून तो त्याच्या जागी लिहिणं, एवढंच या कामाचं सार आहे. माझ्यासमोर आलेल्या जवळजवळ सगळ्या चुका एका जातीचा आकडा दुसऱ्या जातीच्या रकान्यात गेल्यानं झालेल्या आहेत.

एक उदाहरण सांगतो. एका हॉस्पिटलातून आमच्याकडे एक काका आले. त्यांच्या कागदावर लिहिलं होतं, ‘खालच्या कप्प्याचा थ्रेशोल्ड 3.5 व्होल्ट. तार बदलण्याचा विचार करावा.’ पेसमेकर बसवून जेमतेम दोन महिने झाले होते. घरातले सगळे घाबरून गेले होते, कारण तार बदलायची म्हणजे पुन्हा ऑपरेशन आणि पुन्हा खर्च. आम्ही तपासलं तर थ्रेशोल्ड निघाला 0.75 व्होल्ट, म्हणजे उत्तम. 3.5 हा आकडा पट्टीवर होता खरा, पण तो यंत्राला ठरवून दिलेल्या जोराचा होता. नवीन तार हृदयात रुजेपर्यंत सुरुवातीचे दोन-तीन महिने असा मोठा जोर मुद्दामच ठेवतात. ठरवलेला आकडा मोजलेल्या आकड्याच्या जागी लिहिला गेला होता. त्या चुकीपायी काकांनी पंधरा दिवस झोप गमावली.

थ्रेशोल्ड म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. पेसमेकर हृदयाला विजेचा अगदी छोटा धक्का देतो. त्या धक्क्याचा जोर व्होल्टमध्ये मोजतात, आणि धक्का किती वेळ टिकतो ते मिलिसेकंदात. साधारणपणे ही वेळ 0.4 मिलिसेकंद ठेवलेली असते. धक्का फार कमकुवत असेल तर हृदय दाद देत नाही. ज्या सगळ्यात कमी जोराला हृदय दर वेळी दाद देतं, तो थ्रेशोल्ड. तो शोधताना प्रोग्रामर जोर पायरी-पायरीनं खाली आणतो, दीड व्होल्ट, सव्वा, एक, पाऊण, अर्धा, आणि शेजारी ईसीजी चालू असतो. पट्टीवर प्रत्येक धक्क्याची एक उभी काडी दिसते आणि तिच्या पाठोपाठ रुंद ठोका दिसतो. काडी, ठोका, काडी, ठोका. मग एका काडीमागे नुसती सपाट रेघ येते. त्या क्षणी हात प्रोग्रामरवरून उचलायचा, यंत्र लगेच मूळ जोरावर परत येतं. सपाट रेघ अर्ध्या व्होल्टला आली असेल तर थ्रेशोल्ड पाऊण व्होल्ट, कारण शेवटची दाद पाऊण व्होल्टला मिळाली होती. नवखी मुलं बहुतेक वेळा अर्धा लिहितात, कारण नजरेत भरतो तो चुकलेला ठोका. शिवाय 0.75 व्होल्ट एवढंच लिहून भागत नाही. किती मिलिसेकंदांना, तेही लिहावं लागतं. 0.4 मिलिसेकंदांना पाऊण व्होल्ट आणि एका मिलिसेकंदाला पाऊण व्होल्ट यांत मोठा फरक आहे. वेळ वाढवली की कमी व्होल्टालाही हृदय दाद देतं. त्यामुळे दुसऱ्या उदाहरणात दिसायला आकडा तोच असला, तरी खरी स्थिती बिघडलेली असते.

थ्रेशोल्ड कळला की जोर ठरवायचा. तार रुजल्यानंतर साधारण थ्रेशोल्डच्या दुप्पट व्होल्ट ठेवतात, म्हणजे ताप आला, औषध बदललं, थ्रेशोल्ड थोडा वर गेला तरी ठोका चुकत नाही. उगाच जास्तही ठेवत नाहीत, कारण धक्क्याला लागणारी ऊर्जा व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जोर दोनाचा चार व्होल्ट केला की प्रत्येक धक्क्याला चौपट ऊर्जा जाते. दिवसाला लाखभर ठोके पडतात. त्यामुळे हा फरक थेट बॅटरीच्या वर्षांत दिसतो.

आता एका पेशंटची गोष्ट सविस्तर सांगतो, म्हणजे पान कसं लिहितात आणि ते कशासाठी, दोन्ही समजेल. ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

कोरेगाव तालुक्यातल्या एक मावशी, वय 71. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नव्हता, म्हणून 2018 साली त्यांना दोन तारांचा पेसमेकर बसवला. एक तार वरच्या कप्प्यात, एक खालच्या. दर सहा महिन्यांनी येतात. आल्या की छातीवरचा पदर सारखा करत पहिला प्रश्न ठरलेला, “दादा, सेल किती राहिलाय?” या वेळी मात्र सेलचं विचारलं नाही. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “पायात जीवच नाही रे.” चक्कर नव्हती, छातीत दुखत नव्हतं, फक्त पंधरा दिवसांपासून अंगात त्राण नव्हतं.

हेड ठेवलं, तपासणी झाली, पट्टी आली. मी सहा महिन्यांपूर्वीचं पान शेजारी उघडून ठेवलं. ही माझी सवय आहे. नवा आकडा एकटा वाचायचा नाही.

मागच्या पानावर खालच्या कप्प्याचा थ्रेशोल्ड 0.75 व्होल्ट होता, या वेळी 1.5. वरच्या कप्प्याचाही मागच्या वेळी 0.75, या वेळी 1.75. दोन्हींची वेळ 0.4 मिलिसेकंद, मागच्याप्रमाणेच. दोन्ही तारांना ठरवलेला जोर होता 2.0 व्होल्ट. म्हणजे मार्चमध्ये खालच्या कप्प्यात थ्रेशोल्डच्या अडीच पटीहून जास्त असलेली राखीव आता दीडपटीच्याही खाली आली होती, आणि वरच्या कप्प्यात तर पाव व्होल्टच उरला होता. मावशींचा स्वतःचा ठोका किती, हे पाहण्यासाठी यंत्राचा वेग थोडा वेळ 40 वर उतरवला, तर खालचा कप्पा आपणहून काहीच करत नव्हता. मागच्या पानावरही तेच लिहिलेलं होतं, ‘पूर्णपणे यंत्रावर अवलंबून’. अशा पेशंटचा धक्का वाया गेला तर मागून सावरणारं कोणी नसतं.

पट्टीवरचे आकडे सुटे पाहिले असते तर 1.5 आणि 1.75 हे काही भयंकर आकडे नाहीत. पुष्कळ पेशंट वर्षानुवर्षं दीड व्होल्टच्या थ्रेशोल्डवर सुखानं असतात. काळजी होती ती वाढीची, आणि ती फक्त मागच्या पानामुळे दिसली.

थ्रेशोल्ड वाढला की पहिला संशय तारेवर जातो. तार हलली असेल, आतून तुटली असेल किंवा तिच्या वरचं आवरण फाटलं असेल. त्यासाठी पट्टीवर तारेचा रोध बघायचा, तो ओहममध्ये असतो. तार तुटली किंवा तिचा स्क्रू सैल झाला तर रोध एकदम चढतो, हजार-दोन हजारांच्या पलीकडे जातो. आवरण फाटलं तर वीज बाहेर झिरपते आणि रोध एकदम उतरतो. मावशींच्या खालच्या तारेचा रोध मार्चमध्ये 540 होता, आता 530. वरच्या तारेचा 480 होता, आता 470. दोन्ही जवळपास जिथल्या तिथे. शिवाय दोन वेगळ्या तारा, वेगळ्या कप्प्यांत, एकाच सहामाहीत सारख्याच बिघडणं अवघड आहे. दोन्ही थ्रेशोल्ड एकत्र वाढतात तेव्हा कारण बहुतेक करून तारेत नसतं, शरीरात असतं. एखादं औषध किंवा रक्तातले क्षार.

इथे जाता जाता एक सापळा सांगतो. याच पट्टीवर ‘इम्पिडन्स’ हा शब्द तीनदा छापलेला होता. दोनदा तारांचा, आणि तिसऱ्यांदा बॅटरीचा. बॅटरीचा आतला रोध तिच्या वयाबरोबर वाढत जातो, आणि मावशींचा होता 1,480 ओहम. घाईत हा आकडा तारेच्या रकान्यात गेला असता तर पाचशेची तार एकदम पंधराशेवर गेलेली दिसली असती आणि सगळा विचार तार तुटल्याच्या दिशेनं वाहत गेला असता. म्हणून पानावर मी नुसतं ‘इम्पिडन्स’ कधीच लिहीत नाही. ‘खालच्या तारेचा रोध’, ‘बॅटरीचा आतला रोध’ असं पूर्ण लिहितो. दोन शब्द जास्त जातात, जाऊ देत.

मावशींच्या मुलाला विचारलं, “गोळ्यांत काही बदल?” तो म्हणाला, “पाय सुजले होते, म्हणून तिकडच्या डॉक्टरांनी लघवीची एक गोळी वाढवली. तीन आठवडे झाले. आणि अशक्तपणा वाटतोय म्हणून रोज दोन शहाळी देतोय.” गोळीचं पाकीट पाहिलं, स्पायरोनोलॅक्टोन होती. ही गोळी पाणी बाहेर काढते, पण पोटॅशियम शरीरात अडवते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. मावशींच्या मूत्रपिंडाचं काम आधीच थोडं मंद, ते जुन्या फाईलमध्ये होतंच. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. मी ताबडतोब मॅडमना बोलावलं. त्यांनी ईसीजीवर पाहिलं, यंत्राच्या धक्क्यामागचा ठोका नेहमीपेक्षा अधिकच रुंद झाला होता. रक्त पाठवलं. पोटॅशियम 6.9 आलं. पाचच्या आसपास थांबायला हवं ते. पोटॅशियम एवढं वाढलं की हृदयाचे स्नायू धक्क्याला दाद देईनासे होतात. वरचा कप्पा आधी सुस्तावतो, खालचा नंतर. वरचा थ्रेशोल्ड जास्त का वाढला होता, त्याचं उत्तरही त्यातच होतं.

रक्ताचा निकाल यायच्या आधीच मॅडमनी दोन्ही तारांचा जोर 2.0 वरून 3.5 व्होल्ट करायला सांगितला. केला. मग मावशींना दाखल करून पोटॅशियम उतरवण्याचे उपचार सुरू झाले. ती गोळी बंद झाली, आणि शहाळीही.

जोर बदलल्यावर एक गोष्ट आठवणीनं करावी लागते, आणि ती अनेकदा राहून जाते. पट्टी पुन्हा काढायची. तपासणीच्या सुरुवातीला छापलेल्या पट्टीवर जुना, 2.0 व्होल्टचा जोर असतो. पेशंट घरी किंवा वॉर्डात जातो तो नव्या, 3.5 व्होल्टच्या जोरावर. पानावर पहिल्या पट्टीवरून उतरवून घेतलं तर जे यंत्रात नाही ते कागदावर राहतं. म्हणून ठरवलेल्या आकड्यांना पानावर दोन रकाने हवेत, ‘आल्यावर’ आणि ‘जाताना’. आणि फरक असेल तर शेजारी कारण. प्रोग्रामर बदल छापतो, पण तो का केला हे छापत नाही. ते लिहिणाऱ्यालाच लिहावं लागतं.

आता सेलचं. मावशींचा लाडका प्रश्न तोच, आणि पट्टीवरच्या आकड्यांत सगळ्यात जास्त गैरसमज त्याच आकड्याबद्दल आहेत.

1958 साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला, तेव्हा तो काही तासच चालला. लार्सन 2001 पर्यंत जगले, आणि तेवढ्या काळात त्यांना एकूण सव्वीस पेसमेकर लागले. 1970 च्या दशकात लिथियम-आयोडीनची बॅटरी आली आणि यंत्रं वर्षानुवर्षं चालू लागली. या बॅटरीचा एक स्वभाव आहे. नवी असताना ती साधारण 2.8 व्होल्ट देते आणि आयुष्याचा बराच मोठा भाग तिथेच रेंगाळते. व्होल्टेजवरून तिचं वय कळत नाही, आतल्या रोधावरून जास्त कळतं. मावशींच्या पट्टीवर व्होल्टेज 2.76, मार्चमध्ये 2.77. काहीच फरक नाही म्हटलं तरी चालेल. आतला रोध मात्र 1,350 वरून 1,480 झाला होता, सहा महिन्यांच्या वापराला शोभेल एवढाच. बॅटरी ठीक होती.

पण पट्टीवर सगळ्यात ठळक छापलेलं असतं ते ‘शिल्लक आयुष्य’. मार्चमध्ये साडेचार वर्षं होतं. या वेळी तपासणीच्या सुरुवातीला चार वर्षं. आणि जोर 3.5 केल्यावर काढलेल्या दुसऱ्या पट्टीवर अडीच वर्षं. वीस मिनिटांत दीड वर्ष कमी. मुलाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याला वाटलं, तपासणीनंच सेल खाल्ला.

बॅटरीत जेवढा साठा सकाळी होता तेवढाच तेव्हाही होता. शिल्लक आयुष्य हा मोजलेला आकडा नाही, अंदाज आहे. आहे तो साठा, आत्ताच्या जोरानं, आत्ताच्या वेगानं, ठोक्यांतला एवढा वाटा यंत्रानं दिला, तर किती वर्षं पुरेल, असा तो हिशेब आहे. मोटारसायकलची टाकी तेवढीच, पण घाट चढायला लागलं की तेवढ्या पेट्रोलमध्ये कमी किलोमीटर होतात. जोर 2.0 चा 3.5 झाला, म्हणजे धक्क्यामागे तिपटीनं ऊर्जा. अंदाज उतरणारच. हे मुलाला समजावून सांगितलं, पण तेवढ्यावर थांबलो नाही. पानावर लिहिलं, ‘शिल्लक आयुष्य 4 वर्षं, 2.0 व्होल्टवर. जोर 3.5 केल्यामुळे अंदाज 2.5 वर्षं. बॅटरीत दोष नाही.’ हे शेवटचं वाक्य लिहिलं नसतं आणि पुढच्या तपासणीला दुसरा कोणी बसला असता, तर साडेचार वर्षांवरून अडीच पाहून त्यानं बॅटरी वेळेआधी उतरतेय असा निष्कर्ष काढला असता, आणि त्याला दोष देता आला नसता.

यंत्र बदलायची वेळ मात्र या अंदाजावरून ठरवत नाहीत. बॅटरी एका ठरलेल्या पातळीखाली गेली की पेसमेकर स्वतःच खूण देतो. पट्टीवर इंग्रजी ईआरआय ही अक्षरं येतात, किंवा कंपनीप्रमाणे दुसरी एखादी खूण. तिचा अर्थ, बदलण्याची तयारी करा. त्या खुणेनंतरही यंत्र लगेच बंद पडत नाही, साधारण तीन महिन्यांची सवड असते. बऱ्याच यंत्रांत त्या वेळी काम करण्याची पद्धतही बदलते. दोन तारांवर चालणारं यंत्र ऊर्जा वाचवण्यासाठी एकाच तारेवर येतं, म्हणून पेशंट दमल्यासारखं होतं म्हणत येतो. असा दमलेला पेशंट आला की औषधं चाळण्याआधी पट्टीवरची ती खूण शोधावी. खुणेच्या जवळ आलेल्या पेशंटला आम्ही सहा महिन्यांऐवजी एक ते तीन महिन्यांनी बोलावतो, आणि तारीख पानावर लिहितो.

पाचव्या दिवशी मावशींचं पोटॅशियम 4.6 झालं. पुन्हा तपासलं. खालचा थ्रेशोल्ड 0.75, वरचाही 0.75. तारा पूर्वी होत्या तशाच होत्या, आता ते सिद्ध झालं. मॅडमनी वरच्या तारेचा जोर परत 2.0 केला. खालच्या तारेचा मात्र 2.5 वर ठेवला. मावशी पूर्ण यंत्रावर अवलंबून आणि मूत्रपिंड नाजूक, पोटॅशियम पुन्हा चढू शकतं. अर्ध्या व्होल्टच्या बदल्यात बॅटरीचे काही महिने गेले तरी चालतील, असा तो निर्णय होता. शिल्लक आयुष्य साडेतीन वर्षं दिसलं.

त्या दिवशीचं पान असं लिहिलं:

‘दोन तारांचा पेसमेकर, जुलै 2018. यंत्राचा आणि दोन्ही तारांचा मॉडेल व सिरियल नंबर कार्डाशी जुळवला. पद्धत डीडीडीआर, किमान वेग 60, कमाल 130, बदल नाही. स्वतःचा ठोका 40 पर्यंत उतरवून पाहिला, नाही, पूर्ण अवलंबून. खालच्या कप्प्यात 99 टक्के ठोके यंत्राचे, वरच्यात 12 टक्के. थ्रेशोल्ड वर 0.75 व्होल्ट, खाली 0.75 व्होल्ट, दोन्ही 0.4 मिलिसेकंदांना, हातानं मोजलेले. (पाच दिवसांपूर्वी 1.75 आणि 1.5, पोटॅशियम 6.9 होतं, आज 4.6.) तारांचा रोध वर 475, खाली 535. जोर आल्यावर दोन्ही 3.5, जाताना वर 2.0, खाली 2.5. कारण: थ्रेशोल्ड पूर्ववत; अवलंबून असल्यानं खाली राखीव जास्त. बॅटरी 2.76 व्होल्ट, आतला रोध 1,480, अंदाज 3.5 वर्षं, बदलण्याची खूण नाही. पुढची तपासणी एका महिन्यानं, पोटॅशियमच्या रिपोर्टसह. शेवटच्या सेटिंगची पट्टी झेरॉक्स करून सोबत.’

‘हातानं मोजलेले’ हे दोन शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. हल्लीची अनेक यंत्रं रोज आपोआप थ्रेशोल्ड मोजून ठेवतात आणि त्याचा आलेख पट्टीवर छापतात. तो फार उपयोगी असतो, पण यंत्रानं मोजलेला आणि माणसानं ईसीजी पाहत मोजलेला आकडा एखाद्या पायरीनं वेगळा निघू शकतो. एकदा हा आणि एकदा तो लिहिला तर विनाकारण वाढ किंवा घट दिसते. तारांचे मॉडेल नंबर लिहिण्याचंही असंच. ते निरुपयोगी वाटतात, आणि मग कधीतरी कंबरेचं एमआरआय करायची वेळ येते. एमआरआय चालेल की नाही, हे यंत्र आणि तारा या दोघांच्या जोडीवर ठरतं. यंत्राचा नंबर प्रोग्रामर सांगतो. तारांचा नंबर कुणी लिहून ठेवला असेल तरच खात्रीनं मिळतो.

एका ओळीवर मात्र मी स्वतःही पूर्वी पुरेसं लक्ष देत नसे. ‘खालच्या कप्प्यात 99 टक्के’ ही ओळ. मावशींना त्यावाचून गत्यंतर नाही. पण ज्यांचा स्वतःचा ठोका आहे, फक्त मंद आहे, अशांच्या पानावर हा टक्का वर्षागणिक चढत असेल तर ते दिसायला हवं, कारण खालच्या कप्प्याला सतत उजव्या बाजूनं धक्का दिल्यानं काही पेशंटांचं हृदय पुढे कमकुवत होतं. तो टक्का कधीकधी सेटिंग बदलून कमी करता येतो. कधी सोनोग्राफीसारखी हृदयाची इको तपासणी करून घ्यावी लागते. मागच्या चार पानांवरचे टक्के एका ओळीत लिहिले की डॉक्टरांना विचारावं लागत नाही, ते स्वतःच इको लिहून देतात.

मावशी महिन्यानं आल्या. बसल्या बसल्या विचारलं, “दादा, सेल?” मी पान पुढे केलं. त्यांना वाचता येत नाही, मुलानं वाचून दाखवलं, साडेतीन वर्षं.

तुमच्या घरात कोणाला पेसमेकर असेल तर तपासणीनंतर फक्त पट्टी घेऊन उठू नका. जाताना काय सेटिंग ठेवलं आणि बदललं असेल तर का, हे एका पानावर लिहून, तारीख आणि सही घालून मागा. पट्टीची झेरॉक्स काढा, तिचं लॅमिनेशन करू नका. आणि पुढच्या वेळी, मग ते कुठलंही गाव आणि कुठलंही हॉस्पिटल असो, कार्डासोबत मागचं पान आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या.